मजल आणि मन : प्रवासाच्या कादंबरीविषयी

मराठी कादंबरीची सुरुवातच प्रवासाने झाली. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठीत कादंबरी नावाच्या प्रकाराची वाट अजून पडायची होती. कथा साधी आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात, गावोगाव फिरतात, आणि जिथे जातात तिथे त्यांना विधवांची दैना दिसते. पदमनजींनी तीन वर्षांपूर्वीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. विधवांचे हाल समाजापुढे मांडावेत हा त्यांचा हेतू पुस्तकभर उघड दिसतो. या हेतूविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. रचनेविषयी मात्र फारसे कोणी थांबून बोललेले नाही.

ती रचना नीट पाहिली तर तिच्यात दोन वेगळ्या कादंबऱ्या एकामागोमाग उभ्या दिसतात. पहिल्या मोठ्या भागात यमुना पाहणारी आहे. ती एका गावात एकीची कहाणी ऐकते, दुसऱ्या गावात दुसरीची. तिला वाईट वाटते, नवराबायकोत त्यावर बोलणे होते, आणि दोघे पुढे निघतात. या कहाण्यांचा क्रम बदलला, तिसरीची पहिली केली, तरी यमुनेच्या बाबतीत काही बिघडत नाही. मग वाटेतच विनायकराव मरतो. ज्या बायकांकडे यमुना इतके दिवस कळवळून पाहत होती त्यांच्याच रांगेत ती आता येऊन बसते. इथून पुढे क्रम बदलता येत नाही. तिचा धर्मांतराचा निर्णय आणि तिचा पुनर्विवाह या गोष्टी या एका मृत्यूनंतरच घडू शकतात. शिवाय मागे ऐकलेल्या सगळ्या कहाण्यांना आता वजन येते, कारण आपल्या वाट्याला काय येणार हे तिला आधीच ठाऊक झालेले असते.

प्रस्तुत पुस्तक ज्या प्रश्नाचा पाठपुरावा करते तो ‘यमुनापर्यटन’च्या याच सांध्यातून निघतो. नायक हिंडतो, मुलूख बदलतो, माणसे भेटतात. पण तो स्वतः कधी बदलतो? प्रवासाचा टप्पा हा मनाचा टप्पा केव्हा होतो, आणि केव्हा ते नुसते गावाचे नाव राहते?

एक कसोटी आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा आधार पुन:पुन्हा घ्यायचा आहे. कादंबरीतले दोन मुक्काम उचलावेत आणि त्यांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडले नाही, तर ती मालिका आहे. मालिकाही सुंदर असू शकते. तिच्यात जग दिसते, पण माणूस बदलत नाही. अदलाबदल करताच नायकाचे वागणे पटेनासे झाले, म्हणजे पाचव्या मुक्कामावर त्याने जे केले ते तिसऱ्यावर त्याच्या हातून होणेच शक्य नव्हते असे जाणवले, तर तिथे खरी मजल आहे.

मालिकेची परंपरा जुनी आहे. युरोपात तिचा ठळक नमुना म्हणजे १५५४ साली निनावी प्रसिद्ध झालेली स्पॅनिश कादंबरी ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’. एक गरीब पोरगा एकामागून एक धन्यांची चाकरी करतो आणि प्रत्येक धनी समाजाच्या एका थराचे सोंग उघडे करतो. उडाणटप्पू नायकाच्या कथांचा जो मोठा प्रवाह पुढे आला त्याचे मूळ इथे धरतात, आणि अशा कथांना क्रम नसतो असे सरसकट म्हटले जाते. मला हे पूर्ण मान्य नाही. लाझारोचा पहिला धनी आंधळा भिकारी, तो कंजूष. दुसरा पाद्री, तो त्याहून कंजूष. तिसरा खानदानी सरदारपुत्र, त्याच्या घरात खायलाच काही नाही. तेव्हा चाकर भीक मागून आणतो आणि धन्याला जेवू घालतो. पहिल्या दोघांकडची उपासमार भोगलेली नसती, तर तिसऱ्या धन्याची लाज राखून त्याच्यापुढे भाकरी ठेवण्याची समज त्या पोराला आली नसती. तिथपर्यंत ती मजल आहे. त्यानंतरचे धनी भराभर येतात आणि जातात, आणि कादंबरी पुन्हा मालिका होते.

दुसरी परंपरा रूपकाची. जॉन बन्यनचे ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली आले. परवान्यावाचून धर्मोपदेश केल्याबद्दल बन्यन बेडफर्डच्या तुरुंगात होता आणि या पुस्तकाचा आरंभ तिथलाच मानतात. हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने ते १८४१ साली मराठीत आणले, म्हणजे ‘यमुनापर्यटन’च्या सोळा वर्षे आधी. बन्यनकडे ठिकाण आणि मन एकच असतात. निराशेची दलदल, अडचणीची टेकडी, मोहाचा बाजार, संशयाचा किल्ला : नायक ज्या मनःस्थितीत आहे त्याच नावाच्या जागी तो उभा असतो. पुढच्या कादंबरीकारांना ही सोय नको होती. गाव खरे हवे, नकाशावर सापडेल असे हवे, आणि तरीही तिथे पोचल्यावर आत काही हलले पाहिजे, ही अवघड अट त्यांनी स्वतःला घातली.

तरी बन्यनकडून एक गोष्ट शिकावी. त्याच्या यात्रेकरूच्या पाठीवर पापाचे ओझे आहे, आणि ते क्रुसापाशी गळून पडते. एखादा हिशेबी लेखक हा प्रसंग शेवटी ठेवील. बन्यनने तो बराच आधी, पुस्तकाचा निम्मा भागही झालेला नसताना आणला आहे. ओझे उतरल्यानंतरच खऱ्या दऱ्या लागतात, सोबती मारला जातो, किल्ल्यात कोंडून पडावे लागते. मोठा बदल एका क्षणात झाला तरी तो टिकतो की नाही हे पुढच्या वाटेवर ठरते. प्रवासाच्या कादंबरीला लांबी का लागते, याचे उत्तर यात आहे.

जर्मनीत गोएटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ने (१७९५-९६) तिसरा धागा सुरू केला. तिथे तरुण घर सोडतो, नाटकमंडळीबरोबर हिंडतो, चुकत-शिकत शेवटी समाजात आपली जागा घेतो. प्रवास हे त्याचे शिक्षण. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक कादंबऱ्या या वाटेने गेल्या.

समीक्षकांनीही या रचनेचा विचार वेगवेगळ्या अंगांनी केला. मिखाइल बाख्तिनने रस्त्याला कादंबरीतला काळ आणि अवकाश एकत्र गुंफणारी जागा म्हटले. एरवी ज्यांची कधी गाठ पडणार नाही अशी वरच्या आणि खालच्या थरांतली माणसे रस्त्यावर समोरासमोर येतात. आर्नल्ड व्हान गेनेपने १९०९ साली संस्कारविधींचे तीन भाग पाडले : आपल्यांपासून तुटणे, मधली अधांतरी अवस्था, आणि नव्या रूपात परत सामावणे. व्हिक्टर टर्नरने यातली मधली अवस्था उचलून यात्रांना लावली, आणि पंढरीच्या वारीचाही विचार केला. त्यासाठी त्याने ज्यांचा आधार घेतला त्यांत इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख होता. जोसेफ कॅम्पबेलने १९४९ साली जगभरच्या पुराणकथांतून नायकाच्या प्रवासाचा एकच साचा काढला आणि पुढे हॉलिवूडच्या पटकथाकारांनी तो पाठ केला. कॅम्पबेलच्या साच्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. जो साचा प्रत्येक कथेला बसतो तो एका विशिष्ट कथेबद्दल फारच थोडे सांगतो. हाक आली, नकार दिला, उंबरठा ओलांडला एवढे लिहून झाल्यावर ही कादंबरी त्या कादंबरीहून वेगळी कशी, हे शिल्लकच राहते.

इरावतीबाईंच्या लेखाचे वेगळे मोल आहे. टर्नरला यात्रेत माणसामाणसांतले भेद विरघळताना दिसले. बाई दिंडीबरोबर प्रत्यक्ष चालल्या आणि त्यांना दिसले की एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. दिवसभर एकाच तालावर, तेच अभंग म्हणत चाललेली माणसे जेवायला वेगळी बसत होती. चालल्याने माणूस बदलतोच असे नाही, ही गोष्ट कादंबरीकाराने आणि समीक्षकाने दोघांनी मनाशी धरावी. पाय चालतात, मनाला चालायला दुसरे काही लागते.

हे दुसरे काही म्हणजे काय, ते एका कादंबरीत बारकाईने पाहू. मी मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ निवडतो. ती इंग्लंडमध्ये १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ च्या आरंभी आली. ही रचना इतक्या उंचीवर जाऊन मग तितक्याच उघडपणे कोसळण्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही, म्हणून ही निवड.

मिसिसिपी नदीच्या काठी मिसुरी राज्यातले एक लहान गाव. मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर आहे. हक हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा दारुड्या बापाच्या तावडीतून पळतो, आणि जिम हा गुलाम आपल्याला दक्षिणेकडे विकणार हे कळल्यामुळे पळतो. दोघांची गाठ नदीतल्या एका बेटावर पडते. समोरच्या काठावर इलिनॉय, तिथे गुलामगिरी नाही. मग दोघे नदी ओलांडून सरळ तिकडे का जात नाहीत? तिथेही पळालेल्या गुलामांना पकडणारे होते, बक्षिसे होती, कागदपत्रे नसलेल्या काळ्या माणसाला अटक होऊ शकत होती. म्हणून बेत असा की तराफ्यावरून रात्री रात्री खाली केरो गावापर्यंत जायचे. तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तराफा विकायचा, आगबोट धरायची आणि ओहायोने वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत शिरायचे.

या बेतात सगळी भूमिती आहे. केरोपर्यंतचा प्रत्येक मैल जिमला मुक्तीच्या जवळ नेतो. केरो चुकले तर पुढचा प्रत्येक मैल त्याला गुलामगिरीच्या पोटात नेणार. आणि ट्वेनने ते चुकवले.

धुक्याची रात्र. हक छोट्या होडीत, जिम तराफ्यावर, मध्ये बेटांचा गुंता. दोघे एकमेकांना हाका मारत रात्रभर भरकटतात. पहाटे हकला तराफा सापडतो. जिम थकून झोपलेला, एक वल्हे मोडलेले, तराफ्यावर पाला-काटक्यांचा कचरा. हकला चेष्टा सुचते. मी कुठे गेलोच नव्हतो, धुकेबिके काही नव्हते, तुला स्वप्न पडले, असे तो सांगतो. जिम विश्वास ठेवतो आणि त्या स्वप्नाचा अर्थही लावू लागतो. मग हक त्या कचऱ्याकडे बोट दाखवून विचारतो, याचा अर्थ काय? जिम कचऱ्याकडे पाहतो, हककडे पाहतो, आणि शांतपणे सांगतो की तू हरवलास म्हणून माझे काळीज फाटत होते, आणि तू मला मूर्ख कसे बनवावे याचा विचार करत होतास. मित्राला खजील करणारा माणूस हाच कचरा. एवढे बोलून तो आत जातो. एका गुलामापुढे मान खाली घालायला हकला पंधरा मिनिटे लागतात. पण तो घालतो, आणि त्याचा त्याला पुढे कधी पस्तावा होत नाही.

दुसरी मजल लगेच येते. केरो जवळ आले असे वाटून जिम उतावीळ होतो, बायकोला विकत घेईन म्हणतो, आणि मुलांना त्यांच्या मालकाने विकले नाही तर चोरून आणायची भाषा करतो. हकचा ‘सदसद्विवेक’ जागा होतो : ज्या बाईची ही मालमत्ता, तिने माझे काय वाईट केले होते? तो जिमला पकडून द्यायला होडी घेऊन निघतो. समोर बंदूकधारी दोघे येतात, पळालेले गुलाम शोधणारे. तुझ्या तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असे ते विचारतात. हकच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मग तो म्हणतो, गोरा. पुढे तर घरच्यांना देवी आल्याचे सोंग तो असे वठवतो की ते दोघे घाबरून वीस-वीस डॉलरची सोन्याची नाणी पुढे करून पळ काढतात. या वेळी हकला आपण चांगले केले असे मुळीच वाटत नाही. आपण वाईट वळणाचे, आपल्या हातून योग्य गोष्ट होणे नाही, असेच तो समजतो.

या दोन प्रसंगांची अदलाबदल करून पाहा. धुक्याची रात्र नंतर आणि बंदूकवाले आधी. ज्याने जिमपुढे अजून मान खाली घातलेली नाही तो हक, जिम गोरा आहे असे कशासाठी म्हणेल? त्याला सांगायला कारणच उरत नाही. पंधरा मिनिटांच्या त्या ओशाळलेपणाने त्याच्या जिभेवर जे बसवले तेच बंदूकवाल्यांसमोर आपसूक बाहेर येते. एका मजलेने दुसरी शक्य केली, ती ही अशी.

यानंतर ट्वेनने जे केले त्यात त्याची प्रतिभा आहे. काठाच्या बाजूने ओहायोचे स्वच्छ पाणी आणि पलीकडे मिसिसिपीचे गढूळ पाणी वाहताना दोघांना दिसते आणि कळते की केरो मागेच, धुक्यात, निघून गेले. त्यानंतर आगबोट तराफ्यावर आदळते. कथा थांबायला हवी. पण नदी दक्षिणेकडेच वाहते. १८७६ साली लिहायला घेतलेले हे हस्तलिखित ट्वेनने याच सुमाराच्या प्रकरणांत बाजूला ठेवले आणि पुस्तक पुरे व्हायला १८८३ साल उजाडले. मध्ये, १८८२ साली, त्याने स्वतः त्या नदीवरून पुन्हा प्रवास केला. अडचण खरी होती : पळणाऱ्या गुलामाला मुक्तीच्या उलट दिशेने का न्यायचे? बेतशीर कथानकाच्या दृष्टीने हा दोष आहे. पण या दोषातून मोठी गोष्ट निघाली. तराफा जितका खोल गुलामगिरीच्या मुलखात जातो तितका हक जिमच्या जवळ येतो. बाहेरची वाट आणि आतली वाट आता एकमेकींच्या विरुद्ध चालतात. मैल आणि मन यांचे प्रमाण सरळ नसते. मोठे कादंबरीकार ते उलटे करून पाहतात.

मधल्या प्रकरणांत काठावरचे जग येते. पिढ्यान्‌पिढ्या वैर जपणारी दोन घराणी, त्यात हकच्या डोळ्यांदेखत मारला जाणारा त्याच्याच वयाचा मुलगा, भरवस्तीत दारुड्याला गोळी घालणारा कर्नल, राजा आणि ड्यूक म्हणवणारे दोन ठग. यांतले काही प्रसंग मागेपुढे केले तरी चालतील. माझा त्यावर आक्षेप नाही. सगळ्याच मुक्कामांनी नायकाला बदलले पाहिजे असा हट्ट धरला तर कादंबरीतली मोकळी हवा जाते. त्या प्रसंगांचे काम वेगळे आहे : काठ कसा आहे हे हकला पाहू द्यायचे, म्हणजे तराफा काय आहे हे त्याला कळेल. पण ठग जेव्हा बाप मेलेल्या मुलींना लुबाडू लागतात, तेव्हा आयुष्यभर खोटे बोलून जगलेला हक त्यांतल्या थोरलीला खरे सांगून टाकतो. खोट्यापेक्षा खरे कमी धोक्याचे असू शकते याचे त्याला स्वतःलाच नवल वाटते. ही तिसरी मजल, आणि ती शेवटच्या मजलेसाठी लागणार आहे.

शेवटची मजल एकतिसाव्या प्रकरणात. ठगांनी जिमला चाळीस डॉलरला विकले. हक एकटा आहे. बंदूक नाही, धुके नाही, घाई नाही. मागच्या खेपांना प्रसंगाने त्याला ढकलले. इथे त्याला कोणीही ढकलत नाही. तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो, तुमचा गुलाम इथे आहे. लिहिल्यावर त्याला हलके वाटते, पाप धुतल्यासारखे. मग तो कागद खाली ठेवून विचार करत बसतो, आणि आठवू लागते ते सगळे नदीवरचे : जिम आपल्याला झोपू देऊन दुहेरी पहारा कसा करायचा, धुक्यातून परतलो तेव्हा त्याला किती आनंद झाला. म्हणजे मागचे टप्पेच उठून उभे राहतात. तो पत्र फाडतो, आणि आपण नरकात जाणार हे मान्य करून फाडतो.

इथे नवख्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुलामगिरी वाईट आहे असे हक एकदाही म्हणत नाही. त्याच्या लेखी तो चोरी करतो आहे, पाप करतो आहे. गावाने दिलेले शब्द त्याच्याजवळ तसेच आहेत. बदलली ती त्याची कृती. नायक स्वतःच कथा सांगत असेल आणि त्याने आपल्या बदलाचे भाषण केले, तर तो बदल खरा वाटत नाही. आजच्या अनेक कादंबऱ्यांत नायक डोंगरावर पोचतो आणि पानभर आपल्याला काय उमगले ते सांगतो. ते पान गाळून पाहावे. पुढच्या प्रकरणात त्याचे वागणे बदललेले दिसत नसेल, तर त्याला काहीही उमगलेले नाही.

आणि आता पडझड. हक जिमला सोडवायला फेल्प्सच्या मळ्यावर पोचतो, गावापासून अकराशे मैलांवर. तिथे योगायोगाने टॉम सॉयर येतो. पुढची दहा-अकरा प्रकरणे टॉमच्या खेळात जातात. साध्या झोपडीत कोंडलेल्या जिमला सरळ बाहेर काढायचे सोडून, पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्याची सुटका व्हावी म्हणून त्याच्या खोलीत साप आणि उंदीर सोडायचे, आणि हक मुकाट्याने साथ देतो. शेवटी कळते की मालकिणीने मरताना मृत्युपत्रात जिमला मुक्त केलेलेच होते आणि टॉमला ते ठाऊक होते. हेमिंग्वेने १९३५ साली वाचकांना सांगितले की जिमला पळवून नेतात तिथे थांबा. लायोनेल ट्रिलिंग आणि टी. एस. एलियट यांनी शेवटाची बाजू घेतली. एलियटचे म्हणणे साधारण असे की कथेने आरंभाच्या सुराकडे परत जाणेच योग्य. १९५३ साली लिओ मार्क्सने दोघांना उत्तर दिले आणि या शेवटाने प्रवासाचा अर्थच मोडला असे मांडले. मी मार्क्सच्या बाजूचा आहे, पण माझे कारण रचनेचे आहे. टॉम येतो तो आपले गाव बरोबर घेऊन. अकराशे मैल दूर येऊनही हक पुन्हा पहिल्या पानावरच्या जागी, टॉमचा चेला म्हणून, उभा राहतो. परतीचा हा टप्पा मधल्या सगळ्या टप्प्यांना ओळखतच नाही. वर सांगितलेली कसोटी लावा : फेल्प्सच्या मळ्यावरची ही प्रकरणे उचलून पुस्तकाच्या आरंभी, दोघे गावातच असताना ठेवली, तर हकचे वागणे तिथेही तितकेच पटते. एकतिसाव्या प्रकरणानंतर तेच असह्य होते.

परतीचा प्रश्न मराठी कादंबरीलाही छळत आला आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपातून मुंबईकडे येणारी बोट आहे, आणि नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू प्रवासी. बोटीचा गुण असा की तिच्यावरचा काळ मोजलेला असतो; मुंबई येणार ते ठरल्या दिवशी येणारच. प्रेमावरचा विश्वास उडालेला चक्रधर हेर्टाच्या प्रेमात पडतो, म्हणजे आतून तो बदलतो. पण मुंबई आली की त्याला उतरायला जागा आहे आणि तिला नाही. तो उतरतो, ती पूर्वेकडे पुढे जाते आणि समुद्रात जीव देते. नायक बदलला, पण बदलाप्रमाणे वागायची वेळ आली तेव्हा त्याचा प्रवास संपला होता. ट्वेनला जो शेवट साधला नाही तो बेडेकरांना साधला, कारण त्यांनी परतीच्या बंदरालाच निर्णयाची जागा केले. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला जातो आणि सांगवीला परत येतो. तिथे गाव तेच, घर तेच, बापही तोच. पण मधे धाकटी बहीण गेलेली आहे, आणि परतलेल्या माणसाला त्या घरात पूर्वीसारखे उभे राहता येत नाही. वर्तुळ पुरे होते, पण मिटत नाही.

हे पुस्तक का लिहावेसे वाटले, त्यामागे आजचे लिखाण आहे. अलीकडे मराठीत प्रवासावर उभ्या कादंबऱ्या पुष्कळ येतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेले तरुण, हिमालयातल्या वाटा, नर्मदेची परिक्रमा, मोटरसायकलवरची भटकंती. यांतल्या अनेक लेखकांपुढे अशी अडचण आहे जी ट्वेनपुढे नव्हती. नायकाच्या खिशात फोन आहे. तो लडाखच्या खिंडीत उभा असतानाही आईशी बोलतो, ऑफिसच्या गटातले संदेश वाचतो. व्हान गेनेप ज्याला तुटणे म्हणतो ते घडतच नाही. बरेच लेखक फोनची बॅटरी संपवून किंवा रेंज घालवून ही अडचण सोडवतात, आणि वाचकाला ती युक्ती लगेच कळते. मला वाटते तुटण्याची जागाच आता बदलली आहे. फोन चालू आहे, आई रोज बोलते आहे, आणि तरी एक गोष्ट तिला सांगता येत नाही : त्या न सांगण्यापासून प्रवास सुरू होतो. असे लिहिणारे थोडे आहेत, पण आहेत.

हे पुस्तक प्रवासाच्या कादंबऱ्यांचा इतिहास नाही. तसा इतिहास लिहायला वेगळी तयारी लागेल. निवडक कादंबऱ्यांतल्या मजला एकेक करून उकलाव्यात, कुठल्या मुक्कामावर नायकाला कोणता निर्णय घ्यावा लागला, तो आधी का घेता आला नसता, आणि घेतल्यावर मागची कोणती वाट बंद झाली, एवढेच इथे केले आहे. प्रवासवर्णने मुद्दाम बाहेर ठेवली आहेत. तिथे लेखकाला क्रम ठरवण्याची मोकळीक नसते, आणि इथला सगळा युक्तिवाद क्रमाचा आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’सारखे पुस्तक त्यामुळे सीमेवर राहते, नर्मदेचा काठ क्रम ठरवतो आणि लेखक त्याच्याशी झगडतो. सीमेवरच्या अशा पुस्तकांचा विचार शेवटच्या भागात आहे.

वाचकाला एक विनंती. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘रणांगण’ ही दोन्ही पुस्तके लहान आहेत. ती आधी वाचावीत आणि मग इकडे वळावे. ‘हकलबेरी फिन’ वाचताना मिसिसिपीचा नकाशा शेजारी ठेवावा आणि केरोवर खूण करून ठेवावी. आणि इथल्या एखाद्या कादंबरीतले मुक्काम आपण अदलाबदल करून पाहिलेत आणि माझे म्हणणे टिकले नाही, तर आपल्या निष्कर्षावर भरवसा ठेवावा.